वाचलेला हात

आमच्या घराण्यात अर्ज लिहिण्याची विद्या जुनी आहे. आजोबा बडोदे संस्थानात कारकून होते. कोणाची बदली, कोणाचे पेन्शन, कोणाची बुडालेली थकबाकी, अशा कामांचे मसुदे लोक त्यांच्याकडून लिहून घेत. ‘विनंती विशेष’पासून ‘कळावे’पर्यंत कुठे किती नमायचे आणि कुठे हळूच कायद्याचे नाव काढायचे, हे त्यांना नेमके कळे. ती विद्या आपल्याकडेही थोडीफार उतरली आहे, असा आमचा बरीच वर्षे समज होता. तो समज एका पत्राने घालवला. ते पत्र आम्ही तीनदा लिहिले. ते एका हातासंबंधी होते. आणि त्या हाताला काहीही झालेले नव्हते, हीच त्यातली मुख्य अडचण होती.

गोष्ट 2004 सालची. वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आम्ही सेफ्टी ऑफिसर होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तसे कारखाने तेव्हा पुष्कळ होते. प्रेस शॉपमध्ये आठ पॉवर प्रेस होत्या. दोनांवर पत्र्याची लांब पट्टी सरकवून तुकडे कापले जात आणि उरलेल्या सहांवर ते तुकडे एकेक करून हाताने डायमध्ये ठेवून वाकवले जात. ऑपरेटर तुकडा ठेवी, पायाने पेडल दाबी, रॅम खाली येऊन वर जाई, तो वाकलेला तुकडा काढून दुसरा ठेवी. तासाला साधारण पाचशे वेळा. म्हणजे आठ तासांच्या पाळीत एका माणसाचे बोट सुमारे चार हजार वेळा डायमध्ये जाऊन परत येई.

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी, दुसऱ्या पाळीत, चार नंबरच्या प्रेसवर ऑपरेटरने पेडल दाबून सोडले. रॅम खाली आला आणि वर गेला. वाकलेला तुकडा डायमध्ये अडकला होता. तो काढायला ऑपरेटरने हात पुढे केला, पण बोटे तेलकट होती म्हणून क्षणभर थांबून ती मांडीला पुसली. तेवढ्यात पेडलला पाय लागलेला नसताना रॅम पुन्हा खाली आला. कामगारांच्या भाषेत प्रेसने ‘डबल मारला’. आम्ही पोचलो तेव्हा तो माणूस स्टुलावर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यांच्याकडे पाहत होता. आम्हाला पाहून गुजरातीत एवढेच म्हणाला, ‘साहेब, हात पुसला म्हणून हात राहिला.’

कायद्याच्या दृष्टीने त्या संध्याकाळी काहीच घडले नव्हते. तेव्हा लागू असलेल्या 1948च्या कारखाना अधिनियमाप्रमाणे, दुखापत होऊन कामगार 48 तास किंवा अधिक कामावर येऊ शकला नाही, तर अपघाताची सूचना निरीक्षकाकडे द्यावी लागे. हा माणूस तर अर्ध्या तासाने पाच नंबरच्या प्रेसवर कामाला बसला. दवाखान्याचा कागद नाही, रजेचा अर्ज नाही, रक्ताचा डाग नाही. दुसऱ्या दिवशी फिटर क्लच दुरुस्त करणार आणि मग त्या घटनेची एकही खूण जगात उरणार नाही. उरलीच तर आमच्या पत्रात.

पहिले पत्र आम्ही त्याच रात्री लिहिले आणि आजोबांच्या वळणावर लिहिले. पत्र इंग्रजीत होते, पण आत्मा अर्जाचा. सुरुवातीस मानवतेची जाणीव, मग कामगाराच्या कुटुंबाचा विचार, मग अधिनियमाच्या 21व्या कलमाचा उल्लेख, की यंत्राचा प्रत्येक धोकादायक भाग भक्कम संरक्षणाने बंदिस्त असलाच पाहिजे आणि यंत्र चालू असेतो ते संरक्षण जागेवर राहिलेच पाहिजे. शेवटी प्रशिक्षणात शिकलेला हाइनरिशचा त्रिकोण. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीतल्या या गृहस्थाने 1931 साली मांडले होते की एका मोठ्या दुखापतीमागे 29 किरकोळ दुखापती आणि दुखापतीवाचून टळलेल्या 300 घटना असतात. प्रत्यक्ष घटना आमच्या पत्रात पाचव्या परिच्छेदात आली होती.

आमचे व्यवस्थापक वाईट मनुष्य मुळीच नव्हते. स्वतः इंजिनिअर होते, पै-पैचा हिशेब पाहणारे आणि वेळेवर उत्तर देणारे. पत्र दुसऱ्याच दिवशी परत आले. समासात लाल शाईत तीन नोंदी होत्या. हाइनरिशच्या आकड्यापाशी, ‘हे तीनशे आपल्या कारखान्यातले आहेत काय?’ खाली, ‘ऑपरेटरला ताकीद द्यावी. सर्वांस चिमटे द्यावेत.’ आणि त्याखाली, ‘क्लच दुरुस्त झाला. प्रकरण बंद.’

दोन दिवस आम्हाला राग आला. तिसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचले आणि व्यवस्थापकांचे फारसे चुकले नव्हते असे वाटू लागले. आम्ही त्यांना दया मागितली होती आणि त्यांनी चिमटे देऊन ती केली होती. नेमके काय बिघडले, नेमके काय हवे आणि त्याला किती पैसे लागतील, यांपैकी एकही गोष्ट आमच्या पत्रात नव्हती.

म्हणून आम्ही दुसरे पत्र सिद्ध केले, ते अगदी आधुनिक. एका विक्रेत्याने प्रकाशपडद्याची माहितीपत्रिका दिली होती. डायच्या समोर अदृश्य किरणांचा पडदा. हात मध्ये आला की किरण तुटतो आणि यंत्र थांबते. दिसायला सुबक, हात मोकळे, उत्पादनात घट नाही. सहा प्रेसना सहा पडदे, असा मसुदा आम्ही टंकलिखित करून घेतला. तो वर पाठवण्यापूर्वी सहज म्हणून आमच्या जुन्या डाय-फिटरला दाखवला. हे काका अक्षरओळखीपुरते शिकलेले, पण त्यांनी तीस वर्षे प्रेसच खोलल्या होत्या. त्यांनी मसुदा ऐकून घेतला आणि विचारले, ‘भाऊ, किरण तुटला हे प्रेसला कळेल. पण ती थांबणार कशी?’

मग त्यांनी आम्हाला चार नंबरच्या क्लचपाशी नेले. आम्ही जे पाहिले ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. या जुन्या प्रेसचे जड फ्लायव्हील मोटरवर सतत फिरत असते. रॅमला हलवणारा क्रँक त्याच्या पोटातून जातो, पण एरवी तो स्थिर असतो. दोहोंना जोडते ती एक पोलादी चावी. पेडल दाबले की अडसर बाजूला होतो, स्प्रिंगच्या जोराने चावी वळून फ्लायव्हीलच्या खाचेत बसते आणि क्रँक फिरू लागतो. एक पूर्ण फेरा झाला की चावीची शेपटी अडसराला लागते, चावी सुटते आणि ब्रेक क्रँकला वरच्या टोकाशी धरून ठेवतो. कळीची गोष्ट ही, की एकदा चावी बसली की फेरा पुरा होईपर्यंत तिला सोडवण्याचा कोणताही मार्ग नाही. मध्येच वीज तोडली तरी फ्लायव्हीलच्या वजनात रॅम खाली नेण्याइतका जोर शिल्लक असतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या घर्षण-क्लचच्या प्रेस मधल्या मध्ये थांबतात; त्यांना प्रकाशपडदा शोभतो. आमच्या प्रेसवर तो बसवणे म्हणजे आंधळ्या हत्तीपुढे पहारेकरी उभा करण्यासारखे. पहारेकऱ्याला दिसले असते, पण हत्ती थांबला नसता.

चार नंबरची स्प्रिंग काकांनी कागदात बांधून ठेवली होती. तिचे दोन तुकडे झाले होते. तुटलेल्या जागेचा बराचसा भाग जुना, काळपट आणि गुळगुळीत होता आणि एक लहानसा भाग ताजा, चकचकीत. म्हणजे चीर फार दिवसांपासून हळूहळू वाढत होती. त्या संध्याकाळी तिने फक्त निरोप घेतला. ब्रेकच्या पट्ट्यावर तेल झिरपले होते, त्यामुळे क्रँक वरच्या टोकाशी न थांबता पुढे घसरला, आणि तुटक्या स्प्रिंगच्या चावीने पुन्हा खाच पकडली. ‘नवी स्प्रिंग घातली आहे,’ काका म्हणाले, ‘पण ही तुटली तेव्हा कोणाला विचारून तुटली?’

दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस चालूच होऊ नये, ही दुसरी सुचवण्यासारखी सोय. तिचाही हिशेब आम्ही त्याच टेबलावर केला. प्रेस मिनिटाला साठ फेरे घेई, म्हणजे एका फेऱ्याला एक सेकंद. खाच एकच असल्याने बटण दाबल्यावर ती चावीसमोर येण्यास वाईटात वाईट एक पूर्ण फेरा लागू शकतो, आणि मग रॅम खाली येण्यास अर्धा. एकूण दीड सेकंद. माणसाचा हात सेकंदाला सुमारे 1.6 मीटर वेगाने जातो असे धरतात. म्हणजे बटणावरून सुटलेला हात डायपर्यंत वेळेत पोचू नये, तर बटणे 2.4 मीटर लांब हवीत. इतक्या लांबून तुकडे ठेवणार कोण? आणि बटणे तेवढी लांब नेली, तरी प्रेस आपणहून डबल मारू लागली तर बटणांना कोण विचारतो!

चिमट्यांचेही तसेच. चिमटा वाईट नव्हे. पण घाईत तो बाजूला पडतो, आणि अडकलेला तुकडा निघाला नाही की बोटेच पुढे होतात. त्या संध्याकाळीही चिमटा प्रेसच्या खिळ्यावर टांगलेलाच होता.

तेव्हा एकच उत्तर उरले. यंत्राला थांबवता येत नाही, तर हाताला तिथे पोचूच द्यायचे नाही. क्लच बिघडो, ब्रेक घसरो, प्रेस दहा वेळा डबल मारो. डायभोवती असे कुंपण हवे की ज्यातून पत्रा जाईल आणि बोट जाणार नाही. आमचे तुकडे दोन मिलिमीटर जाडीचे होते. सहा मिलिमीटरची फट त्यांना पुरेशी होती आणि त्या फटीतून बोटाचे टोक फार आत जात नाही. तुकडा बाहेरच एका सरकत्या ताटलीत ठेवायचा, ताटली फटीतून आत ढकलायची, आणि वाकलेला तुकडा हवेच्या झोताने मागच्या घसरगुंडीवरून टोपलीत पाडायचा. सहापैकी चार प्रेसवर हे जमण्यासारखे होते. उरलेल्या दोनांवर काम खोल वाकवण्याचे होते. तुकडा फटीतून जाईना. त्यांना फाटक हवे होते. फाटक बंद झाल्याशिवाय पेडल चालू नये आणि क्रँक वरच्या टोकाशी परत येईपर्यंत फाटक उघडू नये, अशा रचनेचे. पट्टीच्या दोन प्रेसना साधे बंदिस्त कुंपण पुरे होते.

आता तिसरे पत्र. त्यात एक मोह टाळावा लागला. ‘अपघात झाला तर याहून अधिक खर्च येईल’ असे लिहिण्याची रीत आहे. आम्ही हिशेब करून पाहिला आणि ते आमच्या कारखान्यापुरते खरे निघेना. आमचे कामगार राज्य विमा योजनेत होते. अपंगत्वाचा लाभ विमा महामंडळ देई, कारखाना फक्त आपली वर्गणी भरी. कायद्याच्या परिशिष्टात हाताचे दर लावलेले आहेत : अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के गेली, एका हाताची चारही बोटे गेली तर 50 टक्के. पण तो आकडा कारखान्याच्या जमाखर्चात कुठेच उतरत नाही. खोटी भीती घातली असती, तर व्यवस्थापकांनी ती एका मिनिटात पकडली असती आणि मग पत्रातल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडाला असता.

पत्र दीड पानाचे झाले. त्याचा आशय मराठीत असा होता :

‘अमुक तारखेस दुसऱ्या पाळीत चार नंबरच्या प्रेसचे पेडल एकदा दाबले असता रॅम दोनदा खाली आला. ऑपरेटरचा हात त्या वेळी डायमध्ये नव्हता, याचे कारण त्याने तो पुसण्यास मागे घेतला होता. दुसरे कोणतेही कारण नाही.

चावीची स्प्रिंग जुन्या चिरेने तुटली. तुकडे सोबत जोडले आहेत. ब्रेकवर तेल होते. उरलेल्या सातही प्रेसचे क्लच याच जातीचे आहेत. त्यांपैकी तिनांच्या ब्रेकवर आज तेल आढळले. ऑपरेटरने नियम मोडलेला नाही. हात आत घातल्याशिवाय हे काम होतच नाही.

प्रकाशपडदा व दोन हातांची बटणे या प्रेसवर निरुपयोगी आहेत, त्याचा हिशेब मागे दिला आहे. मागणी अशी : सहा प्रेसना बंदिस्त कुंपण, त्यांपैकी चारांना ताटली व हवेचा झोत, रुपये 1,10,000. दोनांना फाटक, रुपये 1,10,000. आठही क्लच व ब्रेकची दुरुस्ती, रुपये 40,000. एकूण रुपये 2,60,000.

ताटलीमुळे तासाला सुमारे 70 नग कमी निघतील. हा तोटा खरा आहे आणि तो धरूनच निर्णय व्हावा.

कुंपणे बसेपर्यंत सहा प्रेसवर हाताने काम बंद ठेवावे अशी शिफारस आहे. ते चालू ठेवायचे असल्यास कृपया तसे खाली लिहून सही करावी.’

शेवटी दोन रेघा आखून ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ असे लिहिले होते. पुढे सही व तारखेसाठी जागा.

त्या शेवटच्या ओळींबद्दल आम्हाला धास्ती होती, हे कबूल करतो. सेफ्टी ऑफिसरला यंत्र बंद करण्याचा अधिकार नव्हता. त्याचे काम सल्ल्याचे. त्याची नोकरी ज्यांच्या हाती, त्यांच्याकडेच आम्ही सही मागत होतो. कायद्याने उल्लंघनाचा दोष मालकावर आणि व्यवस्थापकावर, दोघांवरही स्वतंत्रपणे येत असे. तो व्यवस्थापकांना ठाऊक होता आणि आम्ही तो पत्रात लिहिला नव्हता. रिकामी जागा पुरेशी बोलकी होती. घरी सौभाग्यवतीला मसुदा वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘नोकरी गेली तर पाहू. पण पत्र आजच द्या, नाहीतर तुम्ही चौथ्यांदा लिहाल.’

चार दिवस काही आले नाही. पाचव्या दिवशी बोलावणे आले. टेबलावर स्प्रिंगचे दोन तुकडे होते. व्यवस्थापक त्यातला एक बोटांत फिरवत होते. ‘भाऊ, यातले काय कापू शकतो ते सांगा.’ आम्ही सांगितले, की दोन फाटके पुढच्या तिमाहीत घ्या, पण तोवर ते काम बाहेर घर्षण-क्लचच्या प्रेसवर करून घ्या. बाकी काही कापता येत नाही. त्यांनी बाहेरच्या कामाचा दर विचारला, मनाशी आकडेमोड केली आणि दीड लाखावर सही केली. फाटकांचे पैसे जानेवारीत आले.

इथे गोष्ट संपली असती तर आम्ही ती लिहिली नसती. दोन महिन्यांनी रात्रपाळीत अचानक फेरी मारली, तेव्हा चार नंबरचे कुंपण काढून भिंतीला टेकवून ठेवलेले आणि ऑपरेटरचा हात पुन्हा डायमध्ये. ऑपरेटर तोच. आम्ही संतापून विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, हात राहिला, पण पगार गेला.’

त्याचा पगार नगावर होता. तासाला सत्तर नग कमी, हा तोटा आम्ही कारखान्याच्या नावावर लिहिला होता. तो प्रत्यक्षात पडला होता त्याच्या नावावर. सहा मिलिमीटरची फट मोजली, दीड सेकंद मोजला, पण ज्याच्या हातासाठी एवढे केले त्याला नगाला काय मिळते, हे विचारले नव्हते. चौथे पत्र अर्ध्या पानाचे झाले. ताटलीवरच्या कामाचा नगाचा दर त्या प्रमाणात वाढवावा, आणि कुंपणाचे बोल्ट फक्त डाय बदलणाऱ्या फिटरच्या पान्याने उघडतील असे करावेत. दोन्ही मागण्या एकत्र होत्या, कारण दर न वाढवता नुसते बोल्ट बदलले असते, तर कामगारांनी पानाही पैदा केला असता. या पत्रावर सही त्याच दिवशी झाली.

1948चा अधिनियम आता इतिहासजमा झाला आहे. नोव्हेंबर 2025पासून त्याच्या जागी 2020ची सुरक्षा संहिता आली. कलमांचे क्रमांक बदलले. चावीच्या क्लचच्या जुन्या प्रेस मात्र लहान लहान शेडमधून अजून फिरतात, आणि त्यांच्या स्प्रिंगा अजूनही कोणाला विचारून तुटत नाहीत.

आजोबांचे मसुदे आमच्या कपाटात आहेत. त्यांत जे मागितले आहे ते समोरच्याच्या मर्जीवर सोडलेले असते. त्या काळी तेच बरोबर होते. आमच्या चार पत्रांच्या स्थळप्रतीही त्यांच्याच शेजारी ठेवल्या आहेत. पहिल्यावर लाल शाईचा शेरा आहे. दुसरे पाठवलेच नाही. तिसऱ्याला टाचणीने एक छोटा कागद जोडलेला आहे, स्प्रिंग ज्यात बांधली होती तो. त्यावरचा तेलाचा डाग अजून गेलेला नाही.

तो ऑपरेटर पुढे निवृत्त होऊन गावी गेला. निरोपाच्या दिवशी त्याने आम्हाला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. दहाही बोटे होती.